वाढीव कर्जमर्यादेचा अर्ज : आकड्यांनी एकमेकांची साक्ष द्यावी

फेब्रुवारी-मार्च आला की व्यापारी पेढ्यांमध्ये कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची लगबग सुरू होते. त्याच वेळी अनेकांच्या मनात मर्यादा वाढवून घेण्याचा विचार येतो. लेखापाल एका पानाचे पत्र लिहून देतो : "व्यवसायात वाढ झाल्यामुळे आमची कर्जमर्यादा अमुक रुपयांवरून तमुक रुपये करावी, ही विनंती." सोबत पुढील वर्षाच्या विक्रीचा आणि साठ्याचा एकेक आकडा असतो. असे अर्ज बँकेत बरेच दिवस पडून राहतात, आणि व्यवस्थापक उगाच अडवतो, अशी व्यापाऱ्याची समजूत होते. वस्तुस्थिती बहुधा निराळी असते. अर्जातील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते जुळवून पाहणे हेच तर बँक अधिकाऱ्याचे काम आहे.

या वेळी एका पेढीचाच अर्ज आपण उलगडून पाहू. नाव-गाव बाजूला ठेवतो. तालुक्याच्या गावी स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार आहे. माल मुख्यतः भाईंदरच्या लहान कारखानदारांकडून येतो आणि परिसरातील दुकानदारांना उधारीवर जातो. चालू वर्षाची विक्री ४.२० कोटी रुपये होईल असा अंदाज. सध्याची मर्यादा ५० लाख. पेढीचा कारभार आता मुलगा पाहतो. त्याने तयार केलेल्या पहिल्या अर्जात पुढील वर्षाची विक्री ६ कोटी, साठा १.५० कोटी आणि मागणी १.२० कोटी रुपयांची होती.

"काका, विक्रीच्या वीस टक्के मर्यादा मिळते ना? म्हणून सहा कोटी धरले," असे त्याने सरळपणे सांगितले. म्हणजे आधी हवी असलेली मर्यादा ठरली, आणि तिच्यावरून विक्री काढली गेली.

वीस टक्क्यांचा हा नियम खरा आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या १९९२ सालच्या अहवालातून तो आला. लहान उद्योगांच्या अंदाजित वार्षिक विक्रीच्या पंचवीस टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरावे. त्यातील वीस टक्के बँकेने द्यावे आणि पाच टक्के मालकाने स्वतःचे घालावे, असे त्याचे स्वरूप आहे. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादांसाठी तो वापरला जातो, आणि अनेक बँका व्यापाऱ्यांच्या अर्जांनाही तीच फूटपट्टी लावतात. परंतु हा नियम विक्रीचा अंदाज पटण्याजोगा आहे असे गृहीत धरतो. तो पटला नाही, तर वीस टक्के कशाचे, हाच प्रश्न उरतो.

सहा कोटींचा आकडा का पटणार नव्हता? चालू वर्षाच्या ४.२० कोटींवरून सहा कोटी म्हणजे एका वर्षात सुमारे ४३ टक्क्यांची वाढ. जीएसटीची विवरणपत्रे बँकेसमोर असतात. गेल्या वर्षी ३.६० कोटी आणि या वर्षी ४.२० कोटी, हा चढ तिला दिसतो. अचानक एवढी उडी कशामुळे, याचे उत्तर अर्जात नव्हते. दुसरी विसंगती साठ्यात होती. या पेढीचा ढोबळ नफा विक्रीच्या दहा टक्के आहे. सहा कोटींच्या विक्रीमागे मालाची खरेदी-किंमत ५.४० कोटी, म्हणजे महिन्याला ४५ लाख. दीड कोटींचा साठा म्हणजे शंभर दिवसांचा माल. आजवर ही पेढी ७५ दिवसांचा माल ठेवून व्यापार करीत आली आहे. विक्री वेगाने वाढणार, आणि तरीही माल गोदामात पूर्वीपेक्षा अधिक दिवस पडून राहणार, असे अर्ज म्हणत होता. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. अनुभवी अधिकारी अशा वेळी वाढलेल्या साठ्यात न खपणारा माल किती, हा प्रश्न प्रथम विचारतो.

म्हणून कामाला सुरुवात विक्रीपासून केली, आणि मर्यादेचा विचार शेवटासाठी राखून ठेवला. मागील दोन वर्षांची महिनावार विक्री जीएसटीच्या विवरणपत्रांतून उतरवून घेतली. जुन्या दुकानदारांकडून पुढील वर्षी साधारण ३६ लाखांची वाढ होईल, असा अंदाज निघाला. शेजारच्या दोन तालुक्यांत ऑक्टोबरपासून नवी फेरी सुरू केली होती. तेथील दुकानदार आता महिन्याला सुमारे चार लाखांचा माल उचलतात. पूर्ण वर्षाचे ते ४८ लाख होतात, पण त्यांतील निम्मे चालू वर्षाच्या विक्रीत आधीच आले आहेत. म्हणजे भर पडते २४ लाखांची. दोन्ही मिळून ६० लाख, आणि पुढील वर्षाची विक्री ४.८० कोटी. या आकड्यातील प्रत्येक रुपयामागे दाखवण्यासारखे बिल किंवा ग्राहक आहे.

यानंतर विक्रीवरून बाकीचे आकडे दिवसांच्या हिशेबाने काढले. ४.८० कोटींची विक्री म्हणजे महिन्याला सरासरी ४० लाख. खरेदी-किंमतीने ३६ लाख. साठा ७५ दिवसांचा, म्हणजे ९० लाख. दुकानदारांची उधारी ४५ दिवसांची, म्हणजे ६० लाख. एकूण १.५० कोटी रुपये व्यापारात गुंतून राहणार. त्यातील कारखानदारांचे देणे वजा केले की उरतो तो भाग पेढीने आणि बँकेने मिळून उभा करायचा असतो. जीएसटीची रक्कम सोयीसाठी येथे बाजूला ठेवली आहे.

या देण्यापाशीच खरी गोष्ट सापडली. आजवर भाईंदरचे कारखानदार दोन महिन्यांची उधारी देत. परंतु सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे वेळेत चुकते करण्याविषयी प्राप्तिकर कायद्यात जी तरतूद झाली, ती आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. लेखी करार असेल तर ठरल्याप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत अशा कारखानदाराचे पैसे द्यावे लागतात. मुदत उलटून गेलेले देणे वर्षअखेरीस बाकी राहिले, तर ती खरेदी त्या वर्षीचा खर्च म्हणून मान्य होत नाही. पैसे ज्या वर्षी देऊ, त्या वर्षी ती वजावट मिळते. या पेढीला मार्चअखेरच्या अशा बाकीवर एकदा अधिक कर भरावा लागला होता. पुढील वर्षापासून सर्व कारखानदारांना सरासरी ४० दिवसांत पैसे द्यायचे, असे आता ठरले आहे. दुसऱ्या बाजूला पेढी स्वतः व्यापारी असल्याने तिच्या दुकानदारांना मात्र हे बंधन लागू होत नाही. व्यापाऱ्यांना मिळणारी उद्यम नोंदणी अग्रक्रमाच्या कर्जापुरती आहे. वेळेत पैसे मिळण्याचे संरक्षण तिच्यात नाही. पैसे लवकर जाणार, पण लवकर येणार नाहीत.

आता हिशेब मांडून पाहा.

चालू वर्ष : साठा ७९ लाख, येणे ५२ लाख, एकूण १३१ लाख, कारखानदारांचे देणे (६० दिवस) ६३ लाख, उभी करायची रक्कम ६८ लाख.

पुढील वर्ष : साठा ९० लाख, येणे ६० लाख, एकूण १५० लाख, कारखानदारांचे देणे (४० दिवस) ४८ लाख, उभी करायची रक्कम १०२ लाख.

गरज ३४ लाखांनी वाढली. पण कारखानदारांची उधारी पूर्वीसारखीच दोन महिन्यांची राहिली असती, तर देणे ७२ लाख झाले असते आणि गरज ७८ लाखांवरच थांबली असती. म्हणजे ३४ लाखांपैकी विक्रीच्या वाढीमुळे लागणारे फक्त १० लाख आहेत. उरलेले २४ लाख उधारीची मुदत घटल्यामुळे लागणार आहेत. "व्यवसायात वाढ झाल्यामुळे" हे पहिल्या अर्जातील वाक्य म्हणूनच अपुरे होते. खरे कारण लिहिले, तर ते कोणाही अधिकाऱ्याला तत्काळ समजते. शिवाय ते तपासता येते, कारण देण्याच्या यादीत ते उघड दिसते.

यानंतरचा प्रश्न असा, की या १०२ लाखांपैकी बँकेकडे किती मागावे? विक्रीच्या वीस टक्क्यांनी ९६ लाख मागता आले असते. पण मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरमहा आपण जे साठापत्रक देतो, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते, आणि मर्यादा कितीही मोठी असली, तरी उचल तेवढीच करता येते. या पेढीच्या बँकेची रीत अशी : एकूण साठ्यातून कारखानदारांचे देणे वजा करायचे, कारण ज्या मालाचे पैसे अजून दिलेले नाहीत, त्याला कारखानदारानेच भांडवल पुरवलेले असते. उरलेल्या मालावर २५ टक्के मार्जिन ठेवायचे. सहकारी बँकांत यालाच दुरावा म्हणतात. येण्यातून ९० दिवसांहून जुनी उधारी वगळायची आणि उरलेल्यावर ४० टक्के मार्जिन ठेवायचे. ही टक्केवारी बँकेगणिक बदलते. आपल्या मंजुरीपत्रात ती लिहिलेली असते.

या रीतीने पाहिले, तर ९० लाखांच्या साठ्यातून ४८ लाखांचे देणे गेले की ४२ लाख उरतात. त्यांचे ७५ टक्के म्हणजे ३१.५ लाख. ६० लाखांच्या येण्यात ५ लाख जुने आहेत. उरलेल्या ५५ लाखांचे ६० टक्के म्हणजे ३३ लाख. ड्रॉइंग पॉवर झाली ६४.५ लाख. ९६ लाखांची मर्यादा मंजूर झाली असती, तरी सामान्य महिन्यांत त्यातील तीस लाखांहून अधिक रक्कम कागदावरच राहिली असती. प्रक्रिया शुल्क मात्र संपूर्ण मर्यादेवर लागते, तारणही त्या प्रमाणात मागितले जाते, काही बँका न वापरलेल्या रकमेवर आकार घेतात, आणि पुढच्या नूतनीकरणाला मर्यादा वापरली का नाही, असा प्रश्न येतो.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. मर्यादा मोठी आणि ड्रॉइंग पॉवर अपुरी, अशी स्थिती आली की साठापत्रकातील आकडा फुगवण्याचा मोह होतो. पहिल्या महिन्यात पाच लाख, मग दहा. वर्षअखेरीस लेखापरीक्षित ताळेबंदातील साठा आणि मार्चचे साठापत्रक शेजारी ठेवले की फरक उघडा पडतो. त्यानंतर बँक साठ्याची तपासणी लावते, ड्रॉइंग पॉवर खऱ्या आकड्यावर आणते आणि खाते एका दिवसात मर्यादेबाहेर जाते. येणे बाकी सलग ९० दिवस मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा अधिक राहिली, की खाते अनुत्पादक ठरते. मालमत्ता भक्कम असलेल्या जुन्या पेढ्याही या वाटेने अडचणीत येतात.

मग ६५ लाखच मागावेत काय? नाही, कारण हा व्यापार बारा महिने सारखा चालत नाही. आपल्या मनातील वर्ष दिवाळीपासून दिवाळीपर्यंतचे असते, बँकेचे एप्रिल ते मार्च असे. मार्चअखेरचा ताळेबंद पाहून दिवाळीची गरज कळत नाही. ती आपणच दाखवावी लागते. या पेढीच्या ४.८० कोटींच्या विक्रीची तिमाहीवार वाटणी अशी निघाली : एप्रिल ते जून १.२० कोटी, जुलै ते सप्टेंबर १.०५ कोटी, ऑक्टोबर ते डिसेंबर १.५५ कोटी आणि जानेवारी ते मार्च १ कोटी. पावसाळ्यात विक्री मंद असते, पण धनत्रयोदशीच्या मालाची खरेदी तेव्हाच करावी लागते. ऑगस्टअखेर साठा १४० लाखांवर जातो आणि कारखानदारांचे देणे ६४ लाख होते. येणे मात्र ४५ लाखांपर्यंत उतरलेले असते, त्यात जुने ५ लाख. ड्रॉइंग पॉवर काढा : ७६ लाखांचे ७५ टक्के म्हणजे ५७ लाख, आणि ४० लाखांचे ६० टक्के म्हणजे २४ लाख, एकूण ८१ लाख. म्हणून मागणी दोन पातळ्यांची केली. ऑगस्ट ते नोव्हेंबर ८० लाख आणि उरलेले आठ महिने ६५ लाख. हंगामी आणि बिगर-हंगामी अशा दोन मर्यादा मंजूर करण्याची पद्धत बँकांत रूढ आहे, परंतु ती मागावी लागते.

अर्जातील शेवटचा आणि बहुतेकांकडून राहून जाणारा भाग म्हणजे स्वतःचे भांडवल. ऑगस्टअखेर साठा आणि येणे मिळून १८५ लाख. देणे वजा जाता १२१ लाख. बँकेचे ८० लाख धरले, तर ४१ लाख पेढीने घालायचे आहेत. ते कोठून येणार, हे अर्जात लिहिले नाही, तर संपूर्ण हिशेब अधांतरी राहतो. पेढीत आज स्वतःचे १८ लाख गुंतलेले आहेत. चालू वर्षाच्या नफ्यातील ११ लाख घरखर्चासाठी न उचलता पेढीतच ठेवायचे ठरले. उरलेले १२ लाख काकूंच्या नावाने ठेव म्हणून येणार आहेत, आणि बँकेची मर्यादा चालू असेपर्यंत ही रक्कम काढणार नाही, असे हमीपत्र त्यांनी दिले. हे हमीपत्र महत्त्वाचे आहे. घरच्या माणसांच्या ठेवी हंगामात येतात आणि मार्चपूर्वी परत जातात, असे बँकेला दिसले, तर ती रक्कम ती भांडवलात धरत नाही.

यावरून अर्जाचा मुख्य मजकूर असा झाला :

"आमची कॅश क्रेडिट मर्यादा सध्या ५० लाख रुपये आहे. ती ऑगस्ट ते नोव्हेंबर या हंगामासाठी ८० लाख व उर्वरित महिन्यांसाठी ६५ लाख रुपये करावी, ही विनंती. चालू वर्षाची अंदाजित विक्री ४.२० कोटी असून पुढील वर्षी ती ४.८० कोटी होईल. वाढीव ६० लाखांपैकी ३६ लाख विद्यमान ग्राहकांकडून व २४ लाख ऑक्टोबरपासून सुरू केलेल्या नव्या फेरीतून अपेक्षित आहेत. साठा ७५ दिवस व येणे ४५ दिवस हे प्रमाण पूर्वीप्रमाणेच राहील. मात्र लघु उत्पादकांची देणी ६० ऐवजी ४० दिवसांत द्यावी लागणार असल्याने आमची गरज सुमारे २४ लाखांनी वाढत आहे. विक्रीतील वाढीमुळे सुमारे १० लाख लागतील. हंगामात लागणारे ४१ लाखांचे स्वतःचे भांडवल कसे उभारणार, याचा तपशील सोबत जोडला आहे."

सोबत पाचच कागद लावले : दोन वर्षांची महिनावार विक्री आणि पुढील वर्षाचा महिनावार अंदाज, साठा, येणे व देणे यांचा प्रत्येक तिमाहीअखेरचा तक्ता, ग्राहकांची यादी, तीत प्रत्येक बाकी किती दिवसांची आहे ते दाखवून, कारखानदारांची यादी, उद्यम नोंदणी असलेले वेगळे दाखवून, आणि काकूंचे हमीपत्र. बँकेचे ठरावीक नमुने याखेरीज भरायचे असतातच. त्यांतील आकडे या तक्त्यांतूनच उतरवावेत, वेगळे काढू नयेत.

एक गोष्ट अर्जाबाहेर राहून करायची होती, तीही सांगतो. उधारीची मुदत घटल्यामुळे जे २४ लाख जास्त लागणार, त्यांवर व्याज दहा टक्के धरले, तरी वर्षाला २.४० लाख रुपये जातात. कारखानदाराला पैसे वीस दिवस आधी मिळतात, म्हणजे त्याचे व्याज वाचते. वर्षाच्या सुमारे ४.३२ कोटींच्या खरेदीवर त्याच्याकडून अर्धा टक्का सूट मिळाली, तर २.१६ लाख परत येतात. ही बोलणी नवे दर ठरवताना, म्हणजे हंगामाची मागणी नोंदवण्यापूर्वी व्हायला हवीत. त्यानंतर कोणी ऐकत नाही.

मर्यादा मंजूर झाल्यावरही अर्जाची एक प्रत गल्ल्याजवळच्या कपाटात ठेवावी आणि दर तिमाहीला प्रत्यक्ष आकडे तिच्याशेजारी लिहावेत. विक्री अंदाजाइतकी झाली, पण साठा ७५ दिवसांवरून ९० दिवसांवर गेला, तर गोदामात कोणता माल अडला आहे, हे त्याच आठवड्यात शोधावे. येणे ४५ दिवसांवरून ६० वर गेले, तर नव्या फेरीतील दुकानदारांची बाकी आधी पाहावी. नवे ग्राहक बहुधा तेथेच ताणतात. आणि विक्री अंदाजापेक्षा बरीच कमी दिसू लागली, तर बँकेने विचारण्यापूर्वी आपणच एका पत्राने कारण कळवावे. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी याच अर्जातील अंदाज आणि झालेली विक्री शेजारी ठेवणार आहे. ४.८० कोटी सांगून ४.६५ कोटी झालेल्या पेढीचा पुढचा अंदाज तो मानतो. सहा कोटी सांगून ४.६५ कोटी झालेल्या पेढीचे आकडे मात्र त्यानंतर तो स्वतःच कमी करून घेतो.